ईपीएस निम्मा झाला, तरी विनिमयाचा रेशो बरोबर कसा?

प्रश्न: अ कंपनीचा नफा ५० लाख, शेअर १० लाख, भाव १०० रुपये. ब कंपनीचा नफा २५ लाख, शेअर ६.२५ लाख, भाव ३२ रुपये. अ कंपनी शेअर देऊन बला विलीन करून घेते. बच्या एका शेअरला अचे किती शेअर द्यायचे हा रेशो बाजारभावावर काढला तर ०.३२ येतो, ईपीएसवर, म्हणजे एका शेअरमागच्या नफ्यावर काढला तर ०.८. पहिल्या रेशोने अचा ईपीएस ५ चा ६.२५ होतो, पण बवाल्यांचा ६.२५ गुणिले ०.३२, म्हणजे ४ चा २ होतो. म्हणजे बवाले निम्म्याने बुडाले ना? मग बरोबर रेशो कोणता?

उत्तर:

तुमची आकडेमोड अचूक आहे, निष्कर्ष मात्र चुकला आहे. ०.३२ या रेशोने बच्या भागधारकांचा एक रुपयाही बुडत नाही. उलट ज्या ०.८ मध्ये दोन्ही बाजूंचा ईपीएस जसाच्या तसा राहतो, त्याच रेशोत अच्या भागधारकांचे दोन कोटी रुपये बवाल्यांकडे जातात.

एका माणसाचा हिशोब धरून बघू. बचे २५० शेअर असलेला एक भागधारक घ्या. विलीनीकरणाआधी त्याच्या शेअरची किंमत २५० गुणिले ३२, म्हणजे ८,००० रुपये. कंपनीच्या नफ्यातला त्याचा वाटा २५० गुणिले ४, म्हणजे १,००० रुपये. विलीनीकरणानंतर त्याला ०.३२ ने अचे ८० शेअर मिळतात. नव्या कंपनीचं एकूण मूल्य किती? अचे दहा कोटी आणि बचे दोन कोटी, मिळून बारा कोटी. शेअर किती? जुने १० लाख आणि बवाल्यांना दिलेले २ लाख, मिळून १२ लाख. म्हणजे भाव १०० रुपये. आपल्या माणसाचे ८० शेअर ८,००० रुपयांचेच राहिले. नफ्यातला त्याचा वाटा मात्र ८० गुणिले ६.२५, म्हणजे ५०० रुपये झाला.

नफ्याचा वाटा निम्मा झाला आणि किंमत तेवढीच राहिली, हे एकाच वेळी कसं शक्य आहे? कारण आधीच्या आणि नंतरच्या नफ्याचा दर्जा एक नाही. बच्या एक रुपया नफ्याला बाजार ८ रुपये देत होता. अच्या एक रुपया नफ्याला २० रुपये देतो. मूल्य नफ्याच्या किती पट आहे हे सांगणारा हा आकडा म्हणजे पीई; एकत्र कंपनीचे बारा कोटी भागिले ७५ लाख केले की पीई १६ येतो. आधी १,००० गुणिले ८, नंतर ५०० गुणिले १६. दोन्ही ८,०००. तुम्ही ४ ची तुलना २ शी केलीत, तेव्हा एक स्वस्तातला रुपया आणि एक महाग रुपया एकाच मापाने मोजलात. गडबड तिथे झाली.

आता कोणीही विचारेल की बाजार अच्या रुपयाला २० आणि बच्या रुपयाला ८ का देतो. बहुतेक वेळा कारण वाढीत असतं, काही वेळा जोखमीत. वाढीचं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट डोळ्यांसमोर येईल. समजा येती काही वर्षं अचा नफा दरसाल १५ टक्क्यांनी वाढणार आहे आणि बचा २५ लाखांवरच राहणार आहे. ०.३२ च्या रेशोने बवाल्यांकडे १२ लाखांतले २ लाख शेअर आले, म्हणजे एकत्र कंपनीचा सहावा हिस्सा. विलीनीकरणाच्या वेळी एकत्र नफा ७५ लाख, त्यांचा वाटा १२.५ लाख. स्वतंत्र राहिले असते तर २५ लाख. सहाव्या वर्षी अचा नफा सुमारे ११५.६ लाख होतो, एकत्र नफा १४०.६ लाख, सहावा हिस्सा २३.४ लाख. अजून २५ च्या खालीच. सातव्या वर्षी अचा नफा १३३ लाख, एकत्र १५८ लाख, सहावा हिस्सा २६.३ लाख. इथून पुढे बवाले नफ्यातही पुढे जातात.

हाच हिशोब अच्या बाजूने करून बघा. सुरुवातीला त्यांचा ईपीएस ५ ऐवजी ६.२५, म्हणजे २५ टक्के वाढ. सातव्या वर्षी एकटे राहिले असते तर ईपीएस १३.३० झाला असता. विलीनीकरणामुळे तो १५८ भागिले १२, म्हणजे १३.१७ राहतो. एकच व्यवहार, एकच रेशो. पहिली सहा वर्षं तो अला ईपीएस वाढवणारा दिसतो आणि सातव्या वर्षापासून घटवणारा. पहिल्या वर्षाच्या ईपीएसवरून व्यवहार चांगला की वाईट हे ठरवणं म्हणजे सात वर्षांच्या हिशोबाची पहिलीच ओळ वाचून वही मिटणं. अनेक संचालक मंडळांच्या सादरीकरणांत मी हेच होताना पाहिलं आहे आणि दर वेळी मला ते खटकतं, कारण त्या एका आकड्यावर हजारो लहान भागधारक मत देतात.

आता ०.८ कडे वळू. बवाल्यांना ५ लाख शेअर द्यायचे. एकूण शेअर १५ लाख, नफा ७५ लाख, ईपीएस ५. अचा आधीही ५ होता. बचा समतुल्य ईपीएस ५ गुणिले ०.८, म्हणजे ४, तोही आधी ४ च होता. कागदावर कोणाचंच काही बदललं नाही, म्हणून हा रेशो न्याय्य वाटतो. पण एकूण मूल्य बारा कोटीच आहे. ते १५ लाख शेअरांत वाटलं तर भाव ८० रुपये. अच्या प्रत्येक शेअरमागे २० रुपये गेले, १० लाख शेअरांवर दोन कोटी. बवाल्यांच्या जुन्या एका शेअरला मिळाले ०.८ गुणिले ८०, म्हणजे ६४ रुपये. त्यांचे ३२ चे ६४ झाले, ६.२५ लाख शेअरांवर तेच दोन कोटी. कोणाच्याही ईपीएसला धक्का लागला नाही आणि दोन कोटी रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले.

ईपीएसचा रेशो बरोबर ठरतो तो एकाच परिस्थितीत, दोन्ही कंपन्यांचा पीई सारखा असेल तेव्हा. बचा भाव ३२ ऐवजी ८० असता तर तिचाही पीई २० झाला असता, आणि बाजारभावाचा रेशोही ०.८ च आला असता. दोन रेशोंत फरक पडला की तो फरक नेमका पीईमधला फरक असतो. इथे ०.८ भागिले ०.३२ म्हणजे २.५, आणि २० भागिले ८ म्हणजेही २.५.

यातूनच एक उपयोगी सूत्र निघतं. घेणारी कंपनी विलीन होणाऱ्या कंपनीच्या नफ्याला जो पीई देते, तो तिच्या स्वतःच्या पीईपेक्षा कमी असेल तर तिचा ईपीएस वाढतो, जास्त असेल तर घटतो, सारखा असेल तर जागेवर राहतो. ०.३२ मध्ये अ बच्या एका शेअरला ३२ रुपयांचा मोबदला देते, ईपीएस ४, म्हणजे पीई ८ देते. ८ हा २० पेक्षा कमी, म्हणून ईपीएस वाढला. यात धंद्यातली सुधारणा कुठेच नाही. कारखाना तोच, गिऱ्हाइकं तीच, एकत्र नफा ७५ लाखच. ६.२५ हा आकडा फक्त भागाकारातून आला आहे.

इथे परीक्षेतल्या प्रश्नांमधली एक ओळ नीट वाचायला हवी. बऱ्याच प्रश्नांत लिहिलेलं असतं की विलीनीकरणानंतर अचा पीई तोच राहील असं समजा. तसं समजलं तर भाव ६.२५ गुणिले २०, म्हणजे १२५ येतो. एकूण मूल्य पंधरा कोटी. बारा कोटींचे पंधरा कोटी झाले, आणि हे तीन कोटी आले कुठून? बच्या २५ लाख नफ्याला कालपर्यंत ८ पट मिळत होते, आज नाव बदलल्याबरोबर २० पट मिळायला लागले, इतकंच. प्रश्नात गृहीतक दिलं असेल तर त्याप्रमाणेच उत्तर काढा, गुण त्यालाच आहेत. पण हे गृहीतक आहे हे एका वाक्यात जरूर लिहा. अमेरिकेत १९६० च्या दशकात नाना धंद्यांतल्या कंपन्या विकत घेणाऱ्या बड्या समूहांनी हीच रीत वापरली. स्वतःचा पीई उंच, घ्यायच्या कंपनीचा कमी, व्यवहार शेअरांमध्ये, आणि दर वर्षी ईपीएस वाढताना दिसे. जोवर बाजार उंच पीई देत होता तोवर चाक फिरत राहिलं. दशकाच्या शेवटी नव्या खरेद्या आटल्या, पीई खाली आले आणि या समूहांचे भाव कोसळले.

मग ०.३२ हाच एकमेव बरोबर रेशो का? विलीनीकरणातून काहीच नवं निर्माण होत नसेल, आणि दोन्ही भाव खरे असतील, तर हो. पण काहीच निर्माण होत नसेल तर विलीनीकरण करायचंच कशाला? प्रत्यक्षात काहीतरी बचत किंवा वाढ अपेक्षित असते, आणि तेव्हा एका रेशोऐवजी एक पट्टा तयार होतो. वाटाघाटी त्या पट्ट्यात होतात.

समजा दोन्हीकडची कार्यालयं आणि खरेदी एकत्र केल्यावर कर वजा जाता दरसाल ५ लाखांची बचत होणार आहे. एकत्र नफा ८० लाख. पीई १६ धरला तर मूल्य १२ कोटी ८० लाख. म्हणजे ८० लाखांचं नवं मूल्य तयार झालं आणि प्रश्न उरला तो वाटणीचा. बवाल्यांची खालची हद्द अशी, की त्यांच्या हाती किमान त्यांचे जुने दोन कोटी राहिले पाहिजेत. तेव्हा अवाल्यांकडे १० कोटी ८० लाख जातात. त्यांच्या १० लाख शेअरांना १,०८० लाख, तर २०० लाखांसाठी किती शेअर? सुमारे १.८५ लाख. भागिले ६.२५ लाख, रेशो ०.२९६. अवाल्यांची वरची हद्द अशी, की त्यांचे दहा कोटी शाबूत राहिले पाहिजेत. उरलेले २८० लाख बवाल्यांना, त्यासाठी २.८ लाख शेअर, रेशो ०.४४८. पट्टा ०.२९६ ते ०.४४८. यातला कोणताही रेशो घेतला तरी कोणीच आधीपेक्षा गरीब होत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. वरच्या टोकाला, ०.४४८ वर, सगळीच्या सगळी ८० लाखांची वाढ बवाल्यांना मिळते. त्यांच्या एका जुन्या शेअरचे ३२ चे ४४.८० रुपये होतात. तेव्हा त्यांचा समतुल्य ईपीएस किती? ८० लाख भागिले १२.८ लाख म्हणजे ६.२५, गुणिले ०.४४८, म्हणजे २.८०. अजूनही ४ च्या खाली. बवाल्यांना मिळू शकणारा सगळा फायदा मिळाला, आणि ईपीएसच्या तुलनेत ते ३० टक्क्यांनी मागे दिसतात. ईपीएस ४ वर टिकवण्याचा हट्ट धरला असता तर व्यवहार झालाच नसता आणि हे ४४.८० रुपयेही मिळाले नसते.

हे नुसतं पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका विलीनीकरणात मी विलीन होणाऱ्या कंपनीच्या बाजूने काम करत होतो. घरचीच कंपनी, संचालक तिघं भाऊ. थोरल्या भावाने मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने दोन आकडे लिहिले, आधीचा ईपीएस आणि नंतरचा समतुल्य ईपीएस. दुसरा आकडा जवळजवळ निम्मा होता. त्यांनी त्याला गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "आम्ही आयुष्यभर उभं केलेलं निम्म्यात द्यायचं, असंच ना?" त्यांचा राग खरा होता, आणि आमच्या अहवालात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं, कारण समतुल्य ईपीएस शेवटच्या तक्त्यात नुसता छापून सोडला होता. ती चूक आमची होती. मी मग त्यांच्या शंभर शेअरांचा हिशोब मांडला, वर २५० शेअरांचा मांडला तसाच. आधीची किंमत, नंतरची किंमत, आणि नफ्याचा वाटा कोणत्या वर्षी पुन्हा गाठला जातो. चर्चेचा विषय बदलला. ईपीएस परत मागण्याऐवजी त्यांनी बचतीतला मोठा वाटा मागितला, आणि तो मागण्यासारखा होताही. रेशो थोडा वर गेला. तेव्हापासून मी समतुल्य ईपीएसची ओळ तिच्या स्पष्टीकरणाशिवाय कोणाला देत नाही.

पट्ट्याची ही कल्पना रीतसर मांडली लार्सन आणि गोनेडिस यांनी, १९६९ मध्ये. त्यांनी रेशोच्या दोन हद्दी एकत्र कंपनीच्या पीईवर अवलंबून ठेवल्या. तुमचेच आकडे त्यात घालून बघा, बचत शून्य धरून. पीई १६ असेल तर अची वरची हद्द ०.३२ आणि बची खालची हद्दही ०.३२, पट्टा आकसून एक बिंदू होतो. पीई २० राहिला तर पट्टा सुमारे ०.२४६ ते ०.८. आणि पीई १५ वर घसरला तर? अवाल्यांना ०.२० पेक्षा जास्त देता येत नाही, बवाल्यांना ०.३४६ पेक्षा कमी चालत नाही. पट्टाच उरत नाही. अशा वेळी कोणताही रेशो ठरवला तरी कोणी ना कोणी हरतोच. तुमच्या प्रश्नातला ०.८ कुठे बसतो ते यातून कळतं. तो पट्ट्याच्या अगदी वरच्या काठावर आहे, आणि तोही पीई २० टिकला तरच.

आतापर्यंत आपण ३२ आणि १०० हे भाव खरे मानले. प्रत्यक्ष कामात खरी मेहनत इथेच असते. बचे शेअर बाजारात फारसे हलत नसतील, तर ३२ हा चार सौद्यांचा भाव असू शकतो. विलीनीकरणाची कुणकुण लागून भाव ३२ चा ४० झाला असेल, तर त्या ४० मध्ये विलीनीकरणाचाच फायदा आधीच मिसळलेला असतो, आणि त्यावर ०.४० रेशो काढला की तो फायदा दुसऱ्यांदा मोजला जातो. म्हणून एका दिवसाचा भाव न घेता बातमी फुटण्याआधीच्या काही आठवड्यांची सौद्यांच्या आकारमानाप्रमाणे भारित सरासरी घेतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेलीच नसेल तर भविष्यातल्या रोख प्रवाहांचं आजचं मूल्य काढावं लागतं.

इथे एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगतो. बचं रोख प्रवाहावरून मूल्य काढलं, समजा ४० रुपये आलं. अचा भाव बाजारात १०० आहेच, मग रेशो ०.४०. दिसायला ठीक. पण त्याच पद्धतीने, त्याच गृहीतकांवर अचं मूल्य काढलं असतं आणि ते १३० आलं असतं, तर रेशो ४० भागिले १३०, म्हणजे ०.३०८ झाला असता. विनिमयाचा रेशो हे तुलनात्मक मूल्य आहे. प्रत्येक कंपनीची निव्वळ किंमत थोडी चुकली तरी चालेल, पण दोघींना लावलेलं माप एक हवं आणि तारीख एक हवी. मूल्यांकन अहवाल हाती आला की मी पहिल्यांदा हेच बघतो, की वरची आणि खालची रक्कम एकाच पद्धतीतून आली आहे का.

काही प्रश्नांत ईपीएस, बाजारभाव आणि पुस्तकी मूल्य यांना वजनं देऊन सरासरी रेशो मागतात. मागितला तर काढून द्या, पण नोंदलेल्या आणि भरपूर सौदे होणाऱ्या कंपन्यांसाठी ०.८ आणि ०.३२ यांची सरासरी काढून न्याय मधोमध सापडत नाही. एक आकडा मूल्य सांगतो, दुसरा एका वर्षाच्या नफ्याचं प्रमाण सांगतो.

आकडेमोडीतल्या चुकांबद्दल थोडं. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बचे जुने ६.२५ लाख शेअर तसेच मिळवणं. मग ७५ लाख भागिले १६.२५ लाख होऊन ईपीएस ४.६२ येतो, जो कोणाचाच नाही. बचे जुने शेअर रद्द होतात, मोजायचे ते फक्त नवे २ लाख. दुसरी चूक, ६.२५ ची तुलना थेट बच्या ४ शी करणं. बच्या एका शेअरला पूर्ण एक शेअर मिळतच नाही, म्हणून रेशोने गुणल्याशिवाय ती तुलना होत नाही. तुम्ही गुणलंत, ते बरोबर केलंत. तिसरी, रेशो उलटा काढणं, १०० भागिले ३२. ही पकडायला सोपी आहे. विलीनीकरणानंतरच्या एकूण शेअरांपैकी बवाल्यांचा हिस्सा आणि एकूण मूल्यातला बचा हिस्सा सारखा यायला हवा. इथे १२ लाखांत २ लाख, आणि १२ कोटींत २ कोटी. दोन्ही सहावा भाग. जुळलं नाही तर मागे जाऊन शोधा. आणि अकडे बचे काही शेअर आधीपासून असतील, तर त्यांच्या बदल्यात नवे शेअर निघत नाहीत. प्रश्नात ही ओळ मध्येच कुठेतरी दडलेली असते.

ईपीएस खरोखर जाहीर होतो तेव्हा आणखी एक फरक पडतो. विलीनीकरण वर्षाच्या बरोबर मध्यावर झालं असं धरा. आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३३ प्रमाणे मोबदल्यात दिलेले शेअर संपादनाच्या तारखेपासूनच मोजतात. म्हणजे १० लाख अधिक २ लाखांचे निम्मे, ११ लाख. बचा नफाही सहा महिन्यांचाच येतो, १२.५ लाख. एकूण ६२.५ लाख भागिले ११ लाख, ईपीएस ५.६८. त्या वर्षीच्या अहवालात ६.२५ सापडणार नाही. पूर्ण वर्षाचा आकडा पुढच्या वर्षी दिसेल, आणि खरेदीत मिळालेल्या ब्रँड, करार अशा अमूर्त मालमत्तांचं परिशोधन, म्हणजे त्यांच्या किमतीचा दरसालचा हिस्सा, नफ्यातून वजा होऊन तोही थोडा कमीच असेल.

तुमच्या उत्तरपत्रिकेत दोन्ही रेशोंचे ईपीएस तुम्ही काढलेच आहेत. त्याखाली प्रत्येक रेशोसाठी एक ओळ मूल्याची घाला. ०.३२ ला भाव १००, बच्या जुन्या शेअरला ३२. ०.८ ला भाव ८०, बच्या जुन्या शेअरला ६४. मग अभिप्रायात लिहा, की विलीनीकरणातून वाढीव मूल्य नसेल तर ०.३२ ला संपत्ती कोणाकडूनच सरकत नाही, आणि बचा ईपीएस ४ वरून २ वर येतो तो पीई ८ वरून १६ झाल्यामुळे.